पाऊण मिनिटाची शुभेच्छा

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांत आज एखादे तरी घर परदेशी आहे. कुणाची मुलगी बेल्जियममध्ये, कुणाचा पुतण्या दुबईत, तर कुणाचा जुना भागीदार थेट मेक्सिकोत. त्यामुळे सणवार, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस हे आता पुष्कळसे मोबाइलवरच साजरे होतात. फुलांचे चित्र आणि त्याखाली छापलेल्या दोन ओळी पाठवल्या की कर्तव्य पार पडते. पण पलीकडच्या माणसाची घरची भाषाच वेगळी असेल आणि आपल्याला स्वतःच्या आवाजात, आपल्या नात्याला शोभेल असे चार शब्द बोलायचे असतील, तर हे काम वाटते तितके सोपे नाही. यंदा मला मराठीतून स्पॅनिशमध्ये असा एक छोटा ध्वनिसंदेश सिद्ध करण्याचा योग आला. मजकूर पाऊण मिनिटाचा. त्यासाठी तीन संध्याकाळी लागल्या. त्यांत जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम संबंध सांगतो. माझा कॉलेजातला मित्र कोल्हापूरचा. आम्ही दोघांनी एकत्र एम.कॉम. केले. मी बँकेत लागलो आणि तो फरशीच्या व्यापारात शिरला. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ कास्तेयोन नावाचा प्रांत आहे. चिनी मातीच्या फरश्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. व्यापारानिमित्त तो तेथे गेला, तेथेच रमला आणि १९९० साली तेथील मुलीशी त्याने लग्न केले. यंदा त्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली. त्यांच्या मुलीने बेत असा केला की आईबाबांच्या जवळच्या माणसांचे आवाज गोळा करायचे आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष एकामागून एक ऐकवायचे. तिने मला कळवले, "काका, जमल्यास स्पॅनिशमध्ये बोला. आईच्या माहेरची सगळी मंडळी असतील. मिनिटापेक्षा मोठे नको."

मित्राला मराठी येते, तेव्हा त्याच्यापुरता प्रश्न नव्हता. प्रश्न वहिनींचा होता. लग्नानंतर १९९१ मध्ये त्या प्रथम कोल्हापुरास आल्या तेव्हा मित्राच्या आईला मराठीशिवाय काही येत नव्हते आणि वहिनींना मराठीचा गंधही नव्हता. मित्र कामात असला की सासूसुनांमधला दुभाषा मीच होतो. आई मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत सांगायचो, वहिनी अडखळत इंग्रजीत उत्तर द्यायच्या. संध्याकाळी त्या दोघी रंकाळ्यावर फिरायला जात, आणि तेथे मात्र दुभाषाची गरज पडत नसे. पुढे आई गेल्या. वहिनींशी माझे बोलणे पस्तीस वर्षे इंग्रजीतच होत राहिले, म्हणजे जी त्यांची भाषा नव्हे आणि माझीही नव्हे तिच्यात. त्यांच्या भाषेत एक तरी वाक्य थेट त्यांना उद्देशून बोलावे, ही इच्छा म्हणूनच मनात होती.

माझी पुतणी पुण्यात स्पॅनिश शिकवते. मी तिला मराठी मजकूर लिहून दिला. मित्राशी आणि वहिनींशी मी जसे बोललो असतो तसाच तो होता:

"काय गड्या, कसा आहेस? लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाच्या तुम्हां दोघांना मनापासून शुभेच्छा. वहिनी, या माणसाला तुम्ही पस्तीस वर्षं सांभाळलंत, तुमचं कौतुक करावं तेवढं थोडंच. आणि गड्या, रंकाळ्यावरचे दोन चहा तुझ्याकडे अजून बाकी आहेत, व्याज चढतंय बरं का! दोघं असेच सुखानं नांदा. तब्येतीला जपा. आणि या एकदा घरी, वाट बघतोय."

पुतणीने तो वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, यातलं कोणतं वाक्य काय काम करतंय ते मला सांगा. अर्थ मला कळतो. काम कळलं पाहिजे." त्या दिवशी हा प्रश्न मला थोडा चमत्कारिक वाटला, पण पुढचे सारे काम त्याच प्रश्नावर उभे राहिले.

'लग्नाचा वाढदिवस' हेच उदाहरण घ्या. मराठीत माणसाचा वाढदिवस असतो तसा लग्नाचाही असतो. स्पॅनिशमध्ये वाढदिवसाला 'कुम्प्लेआन्योस' म्हणतात, पण तो केवळ जन्माचा. लग्नाला तो शब्द जोडला तर ऐकणारा गोंधळतो. लग्नासाठी शब्द आहे 'आनिबेर्सारिओ'. 'फेलीस आनिबेर्सारिओ', म्हणजे वर्षदिन सुखाचा असो, एवढे म्हटले की पुरे. पस्तिसाव्या वर्षाला तेथेही खास नाव आहे. आपण पंचविसाव्याला रौप्य आणि पन्नासाव्याला सुवर्ण म्हणतो. तेच त्यांच्याकडेही आहे. पण मधल्या वर्षांनाही त्यांनी नावे दिली आहेत: तिसावे मोत्याचे, पस्तिसावे पोवळ्याचे, चाळिसावे माणकाचे. पोवळ्याला स्पॅनिशमध्ये 'कोराल' म्हणतात, म्हणून पस्तिसावा वर्षदिन म्हणजे 'बोदास दे कोराल'. मूळ मराठी मजकुरात पोवळे नव्हते. तरी ते घालावे असे ठरले, कारण 'पस्तिसाव्या' या क्रमवाचक शब्दाने मराठीत जो मान येतो तो स्पॅनिशमध्ये या नावाने येतो.

'मनापासून शुभेच्छा' येथेही निवड करावी लागली. आपल्या 'हार्दिक' शब्दात हृदय आहे, आणि स्पॅनिशमधल्या 'कोर्दिआल' शब्दातही लॅटिनमधून आलेले हृदयच आहे. शब्दकोशाच्या हिशेबाने हे दोन्ही अगदी जुळे भाऊ. पण 'कोर्दिआल' हा आज पत्रव्यवहाराचा शब्द झाला आहे. कंपनीच्या पत्राखाली तो शोभतो. आपल्याकडेही 'हार्दिक' चौकातल्या फलकावर जाऊन बसला आहेच. जवळच्या माणसासाठी स्पॅनिशमध्ये 'दे तोदो कोरासोन' म्हणतात, म्हणजे अवघ्या हृदयापासून. आपल्या 'मनापासून'चे वजन त्यात बरोबर उतरते.

आता नात्याची संबोधने. मूळ मजकुरातले सर्वांत अवघड शब्द दोन: 'गड्या' आणि 'वहिनी'. 'गड्या'चे काम सोपे निघाले. स्पॅनिशमध्ये 'अमीगो देल आल्मा' असा रूढ शब्दप्रयोग आहे. 'आल्मा' म्हणजे आत्मा, जीव. आपला 'जिवाचा मित्र' तेथे जसाच्या तसा उभा आहे, हे पाहून मला आनंद झाला. तरीही सुरुवातीचे 'काय गड्या, कसा आहेस?' हे वाक्य मराठीतच ठेवायचे आम्ही ठरवले. मित्राच्या कानावर आता फोनखेरीज मराठी पडत नाही. सासरच्या मंडळींना ते वाक्य कळणार नाही, पण ते त्यांच्यासाठी नाहीच. दोन सेकंदांचे वाक्य आहे. तेवढा वेळ ते खुशाल थांबतील.

'वहिनी' मात्र अडून बसली. स्पॅनिशमध्ये 'कुन्यादा' असा शब्द आहे. भावाची बायको किंवा जोडीदाराची बहीण असा त्याचा अर्थ होतो. पण तो केवळ खऱ्या नात्यासाठी आहे. मित्राच्या पत्नीला त्या नावाने हाक मारली तर ऐकणारे विचारतील, हा हिचा दीर कधी झाला? शिवाय त्याच शब्दाचे पुल्लिंगी रूप स्पेनमध्ये अलीकडे सर्वज्ञपणाचा आव आणणाऱ्या माणसाची थट्टा करण्यासाठीही वापरतात. तेव्हा तो शब्द वगळणेच शहाणपणाचे. त्यांच्याकडे अशा वेळी नावानेच हाक मारतात, आणि आपुलकी दाखवायची तर नावामागे 'केरीदा' लावतात, म्हणजे प्रिय. मराठीत समोरासमोर 'प्रिय वहिनी' म्हणणे पत्रासारखे वाटेल; स्पॅनिशमध्ये ते बोलण्यात सहज बसते.

पुढचा प्रश्न आदरार्थी बोलण्याचा. मित्राला मी 'तू' म्हणतो आणि वहिनींना 'तुम्ही'. स्पॅनिशमध्येही ही दोन रूपे आहेत: 'तू' आणि 'उस्तेद'. गंमत अशी की 'तू' हा शब्द उच्चारात अगदी आपलाच आहे. तेव्हा वहिनींसाठी 'उस्तेद' वापरावे, असे कोणासही वाटेल. पुतणीने ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी तयार केले आणि मला मोठ्याने वाचून दाखवले. मग ती म्हणाली, "काका, 'उस्तेद' घेतलं तर तुम्ही खातेदाराशी बोलणारे मॅनेजर वाटता." स्पेनमध्ये मित्रांच्या घरांत, वय काहीही असो, 'तू'च चालते. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाने 'उस्तेद' म्हटले तर त्यात आदर ऐकू येण्याऐवजी अंतर ऐकू येते, आणि ते वहिनींच्या माहेरच्या लोकांसमोर. मराठीतला आदर सर्वनामात आहे. स्पॅनिशमध्ये तो तेथे ठेवता येत नाही, म्हणून दुसरीकडे ठेवावा लागतो.

तो ठेवण्याची जागा 'कौतुक करावं तेवढं थोडंच' या वाक्यात सापडली. ते शब्दशः नेले तर स्पॅनिशमध्ये सत्काराचे भाषण होते. पुतणीने सरळ 'ग्रासिआस' सुचवले, म्हणजे आभार. मला ते प्रथम रुचले नाही. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत; वहिनींना 'धन्यवाद' म्हटले तर त्या म्हणतील, भाऊजी, आज एवढे परके का झालात? पण स्पॅनिशमध्ये हिशेब उलटा आहे. तेथे जवळच्या माणसाचे आभार मोकळेपणी मानतात, आणि मानले नाहीत तर ते कोरडे वाटते. म्हणून वाक्य झाले: एवढी सारी वर्षे त्याला सांभाळल्याबद्दल आभार.

आता 'सांभाळणे'. या आपल्या क्रियापदात दोन अर्थ एकत्र नांदतात. काळजी घेणे हा एक, आणि खोड्या सोसणे हा दुसरा. आम्ही दोन्ही हसत एकाच शब्दात बोलतो. स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन क्रियापदे लागतात: 'क्विदार' म्हणजे जपणे आणि 'आग्वान्तार' म्हणजे सहन करणे. पुतणीने दोन्ही घेतली आणि मध्ये थोडे थांबायला सांगितले: त्याला जपल्याबद्दल आभार... आणि सहन केल्याबद्दलही. तो विराम हाच विनोद. मराठीत जे एका शब्दाच्या पोटात होते ते स्पॅनिशमध्ये विरामात गेले.

आता दोन चहांची गोष्ट. कॉलेजात असताना रंकाळ्याच्या काठी एक चहाची गाडी असे. मित्राने माझ्याकडून दोन चहा उधार घेतले होते आणि ते त्याने कधीच फेडले नाहीत. आजतागायत आमच्या प्रत्येक बोलण्यात ही बाकी निघते. व्यापारी घरात हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. सुदैवाने स्पॅनिशमध्येही लागत नाही. 'देबेर' म्हणजे देणे लागणे, आणि व्याजाला 'इन्तेरेसेस' म्हणतात. 'व्याजासकट फेडणे' हा वाक्प्रचार तेथेही आहे. 'व्याज चढतंय बरं का' याचे 'इ कोन इन्तेरेसेस', म्हणजे 'आणि तेही व्याजासह', एवढेच केले. 'बरं का' गेले. त्याचे काम होते वाक्य हलके करण्याचे. ते आवाजाने करायचे ठरले.

तेथे एका शब्दावर आमचा थोडा वाद झाला. पुतणी म्हणाली, "'रंकाळा' कुणाला कळणार? 'कोल्हापूर' म्हणा, ते तरी सगळ्यांनी ऐकलेलं असेल." तिचे म्हणणे भाषांतराच्या नियमाला धरून होते, कारण ऐकणाऱ्याला अनोळखी नाव आले की तो क्षणभर वाट चुकतो. पण मी 'रंकाळा'च धरून बसलो. जेवणाच्या टेबलावरच्या वीसेक माणसांना ते नाव कळले नाही तरी चालेल. ज्या दोघांसाठी संदेश आहे त्या दोघांना ते कळते. मित्राला चहाची गाडी आठवेल, वहिनींना सासूबरोबरच्या संध्याकाळी आठवतील. 'कोल्हापूर' कोणीही म्हणू शकला असता. थोडा विचार करून पुतणीने मान्य केले.

शेवटची वाक्ये आशीर्वादाची. येथे मराठी आणि स्पॅनिश यांचे व्याकरण एकमेकांच्या फार जवळ येते. आपण 'होवो, राहो, लाभो' असे क्रियापदाचे वेगळे रूप इच्छेसाठी वापरतो. इंग्रजीत ते रूप जवळजवळ लोपले आहे. स्पॅनिशमध्ये मात्र ते रोज वापरतात: आधी 'के' म्हणायचे आणि मग इच्छेचे रूप. 'नांदणे' या शब्दाला मात्र एकशब्दी जोड नाही. घर, संसार, सुख आणि टिकून राहणे हे सारे त्या एका शब्दात आहे. त्यातले दोन धागे घेतले: पुष्कळ वर्षे एकत्र राहा आणि सुखी राहा. 'या एकदा घरी' याचे मात्र सुंदर रूप मिळाले. स्पॅनिश लोक आमंत्रण देताना म्हणतात, 'आकी तेनेइस ब्वेस्त्रा कासा': येथे तुमचेच घर आहे.

आणि एक गोष्ट वाढवावी लागली. स्पॅनिश संदेश जवळच्या माणसाला असेल तर शेवटी 'आलिंगन' येते: 'ऊन आब्रासो म्वी फ्वेर्ते', म्हणजे एक घट्ट मिठी. आम्ही पुरुषमाणसे मराठीत असे काही बोलत नाही. भेटलो की पाठीवर थाप मारतो. पण तेथे ते वाक्य नसले तर संदेश मध्येच तुटल्यासारखा वाटतो. आपल्या जुन्या पत्रातले 'लोभ असावा' जे करते तेच ते करते, असे पुतणीने सांगितल्यावर माझा संकोच गेला.

असा जो मजकूर तयार झाला तो मी देवनागरीतच लिहून घेतला:

"काय गड्या, कसा आहेस? फेलीस आनिबेर्सारिओ आ लोस दोस, दे तोदो कोरासोन. त्रेइन्ता इ सिंको आन्योस: ब्वेस्त्रास बोदास दे कोराल. केरीदा (येथे वहिनींचे नाव), ग्रासिआस पोर क्विदार दे एल तोदोस एस्तोस आन्योस... इ पोर आग्वान्तार्लो. इ तू, अमीगो देल आल्मा, तोदाबीआ मे देबेस दोस तेस दे रंकाळा, इ कोन इन्तेरेसेस. के सिगाइस मूचोस आन्योस हुन्तोस इ फेलीसेस. क्विदाओस मूचो. आकी तेनेइस ब्वेस्त्रा कासा. ओस एस्पेरो. ऊन आब्रासो म्वी फ्वेर्ते."

हा मजकूर स्पेनसाठी आहे. तेथे मित्रमंडळीतल्या अनेकांना उद्देशून बोलताना 'वोसोत्रोस'ची रूपे वापरतात. लॅटिन अमेरिकेत ती चालत नाहीत. तेथे अनेकवचनी 'तुम्ही'साठी सर्वत्र 'उस्तेदेस' असते. तेव्हा वाचकांपैकी कुणाचे स्नेही मेक्सिको किंवा कोलंबियात असतील, तर 'ब्वेस्त्रास बोदास'ऐवजी 'सुस बोदास', 'सिगाइस'ऐवजी 'सिगान', 'क्विदाओस'ऐवजी 'क्वीदेन्से', 'तेनेइस ब्वेस्त्रा कासा'ऐवजी 'तिएनेन सु कासा' आणि 'ओस एस्पेरो'ऐवजी 'लोस एस्पेरो' म्हणावे. मेक्सिकोतल्या घरी स्पेनची रूपे वापरली तर समजतील सारे, पण ते पुस्तकातले बोलणे वाटेल, आणि आपुलकी तेथेच उणी होईल.

देवनागरीत लिहिण्याचा लाभ उच्चारात दिसला. स्पॅनिशचे स्वर पाच आणि सरळ आहेत. आपले आ, ए, इ, ओ, उ त्यांना पुरतात. त्यांचे 'त' आणि 'द' दंत्य आहेत, इंग्रजीसारखे 'ट' आणि 'ड' नव्हेत. म्हणून रोमन लिपीतून वाचणारा मराठी माणूस 'टोडो' म्हणण्याचा संभव असतो; देवनागरीतून वाचणारा 'तोदो'च म्हणतो. स्पेनच्या बऱ्याच भागांत 'कोरासोन'मधला स जिभेचे टोक दातांत धरून उच्चारतात. आपला 'थ' त्याच्याशी पुरता जुळत नाही. पण लॅटिन अमेरिकेत तेथे साधा 'स'च म्हणतात आणि तो सर्वत्र समजतो, म्हणून 'स' घेतला. 'हुन्तोस'मधला पहिला वर्ण घशातून घासून येतो. आपला 'ख' त्याच्यासाठी घेतला तर ऐकणाऱ्याला 'क' वाटतो, 'ह' मात्र चालून जातो.

दोन ठिकाणी मात्र फार जपावे लागते. पहिले 'आन्योस', म्हणजे वर्षे. त्यातला 'न्य' टाळूला जीभ लावून नीट म्हणावा. तेथे नुसता 'न' उच्चारला तर तो शब्द शरीराच्या चारचौघांत न सांगण्याच्या भागाचे नाव होतो, आणि सारे टेबल खो खो हसते. आमच्या मजकुरात हा शब्द तीनदा आहे! दुसरे म्हणजे आघात. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर द्यावा याने सहसा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'एस्पेरो'त 'पे'वर जोर दिला तर 'मी वाट पाहतो', आणि 'रो'वर दिला तर 'त्याने वाट पाहिली'. म्हणून पुतणीने प्रत्येक शब्दातल्या जोराच्या अक्षराखाली लाल रेघ ओढून दिली, आणि मी त्या रेघांवरून वाचले.

भाषांतर बरोबर झाले की नाही हे कसे ओळखावे? नेहमीची पद्धत म्हणजे दुसऱ्याकडून ते उलट मराठीत करून घेणे. त्याने शब्दांच्या चुका सापडतात, पण सूर सापडत नाही. पुतणीने वेगळा उपाय केला. तिच्या बरोबर शिकवणाऱ्या एका स्पॅनिश बाईंना तिने मूळ मजकूर न सांगता माझे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि तीनच प्रश्न विचारले: बोलणारा कोण, कोणाशी बोलतो आहे, आणि त्यांचे नाते काय? उत्तर आले: एक वयस्क गृहस्थ, एका जोडप्याशी, नवऱ्याशी तारुण्यापासूनची मैत्री, बायकोविषयी माया आणि मान. 'रंकाळा' काय ते त्यांना कळले नाही, पण ती त्या दोन मित्रांची काहीतरी जुनी जागा असावी, हे त्यांनी ओळखले. तेवढे पुरेसे होते.

ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद केला, फोन तोंडापासून वीतभर दूर धरला आणि नेहमीच्या बोलण्याहून थोडे सावकाश बोललो. मराठी मजकूर मी तीस सेकंदांत म्हणतो; स्पॅनिशला चव्वेचाळीस लागले. पाठवण्यापूर्वी तो एकदा पूर्ण ऐकला. एकत्र जमलेल्या माणसांना संदेश एकदाच ऐकू येतो, मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय नसते. म्हणून लांब वाक्य तोडून दोन केलेले बरे, हे तेथे लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी वहिनींचे उत्तर आले, तेही आवाजात आणि स्पॅनिशमध्ये. पुतणीने मला सांगितले की त्या म्हणतात, दोन चहांचे देणे मान्य आहे. व्याजाचे बोलणे मात्र रंकाळ्यावरच होईल. मग ती थांबली आणि म्हणाली, "काका, त्यांनी तुम्हाला 'तू' म्हटलंय." इंग्रजीतल्या एकाच सर्वनामाखाली पस्तीस वर्षे हे झाकून राहिले होते. वहिनींच्या मनात मी त्यांचा 'तू' आहे की 'उस्तेद', हे मला तोवर कधी कळलेच नव्हते.